हाकांचा तक्ता: एका कादंबरीच्या संपादनाच्या नोंदी

३ जून

हस्तलिखित आलं. ३१२ पानं, तीन भाग: १९६८, १९९४ आणि २००६. गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. एका बाजूला वाडा, म्हणजे आबासाहेब, आक्कासाहेब आणि मुलगा बाळासाहेब. दुसऱ्या बाजूला वाड्याचा सालगडी बाळू आणि त्याचा मुलगा श्रीपती. पुढं हा श्रीपती गावच्या दूध संस्थेचा चेअरमन होतो. दोन्ही घरं एकाच जातीची आहेत, त्यामुळं हाकांमध्ये जो फरक दिसतो तो पैशाचा आणि मानाचा. जात वेगळी असती तर हा तक्ता वेगळा मांडावा लागला असता.

लिखाण सहा वर्षं चाललं होतं. त्या काळात ‘तू’चं ‘तुम्ही’ आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ बऱ्याच ठिकाणी आपोआप झालंय. पहिल्या वाचनात श्रीपती बाळासाहेबांशी पान ४१ वर ‘तुम्ही’नं बोलतो, पान ४४ वर ‘तू’नं आणि पान ५२ वर परत ‘तुम्ही’नं. मधे काही घडलेलं नाही. वाचक मात्र काहीतरी घडलं असणार असं धरून चालतो. मराठीत ‘तू’चं ‘तुम्ही’ होणं ही गोष्टीतली घटना असते, ती चुकून घडून चालत नाही.

ठरलं ते असं: बोलणारी पात्रं ३४, आणि त्यांच्यातल्या ज्या जोड्या तोंडावर एकमेकांना हाक मारतात त्यांचाच तक्ता करायचा. प्रत्येक हाकेच्या चार गोष्टी लिहायच्या. नावाचं रूप, क्रियापद कुठल्या पायरीचं, मागचं शेपूट (रं, गं, ओ, साहेब), आणि चौथी म्हणजे समोर आणखी कोण होतं. चौथा रकाना लेखकाला जादाचा वाटला. पण ओढ्याकाठी ‘तू’ म्हणणारा मुलगा वाड्याच्या चौकात ‘तुम्ही’ म्हणतो, आणि तो फरक फक्त याच रकान्यात सापडतो. पान ४१ ते ५२चा गोंधळ निम्मा तरी याच रकान्यानं सुटेल.

५ जून

आधी यंत्राकडून जेवढं होतंय तेवढं. हस्तलिखित जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये होतं, ते युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोध लागतच नाही. आणल्यावर ‘बाळ’ या एका शब्दाची सगळी रूपं मोजली, कारण सालगडीही बाळू आणि वाड्याचा वारसही बाळासाहेब.

```
grep -oE 'बाळ्या|बाळू|बाळासाहेब|बाळासाब|बाळासो' kadambari.txt | sort | uniq -c
```

विभक्ती लागलेली रूपं (बाळूला, बाळ्याचं) यात आपोआप येतात. कोण म्हणतंय ते मात्र कळत नाही, म्हणून प्रत्येक जागा हातानं उघडून बघावी लागली.

एक अडचण ध्यानात ठेवायची. सुरेशला पोरं ‘सुऱ्या’ म्हणतात. त्यातला ऱ्य दोन तऱ्हेनं टाइप होतो: ‘ऱ’ हे अक्षर घेऊन, नाहीतर साधा ‘र’, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधाला एकच सापडतं. ‘सुऱ्या’ सगळ्या हस्तलिखितात चारदाच आला असं वाटलं, ते यामुळंच. शोधण्याआधी सगळीकडं एकच रूप करून घ्यावं.

खरी हाक तर शोधात येतच नाही. मराठीत सर्वनाम गाळलं तरी चालतं, मान क्रियापदात लपलेला असतो. ‘कुठं चाललास’ आणि ‘कुठं चाललात’ यांत ना नाव आहे ना ‘तू-तुम्ही’. त्यात कोल्हापूरकडची बोली: ‘काय करालाईस’, ‘काय करालाय’. एका ‘स’वर सगळं अवलंबून. हे पेन्सिल घेऊनच करायचं काम. निळी खूण खालून वर जाणाऱ्या हाकेला, लाल वरून खाली येणाऱ्या हाकेला, बरोबरीच्या हाकेला खूण नाही.

९ जून

पायऱ्या ठरवल्या. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एवढ्या दोनांवर वाड्याचं भागत नाही. ‘बस’, ‘बसा’, ‘बसावं’ अशा तीन धरल्या. तिसरी पायरी आबासाहेबांसमोर बाळू वापरतो: ‘सरकार, बसावं. पाणी आणतो.’ आज्ञार्थ टाळून ‘-वं’ लावलं की समोरच्याला आपण काही सांगतोय हेच नाहीसं होतं. बाळूच्या तोंडी आबासाहेबांसाठी ‘बसा’ सहा ठिकाणी होतं, ते सगळं ‘बसावं’ केलं. एक जागा तशीच ठेवली. आबासाहेबांना चक्कर येते तिथं बाळू ओरडतो, ‘बसा, बसा खाली!’ घाईत माणूस एक पायरी उतरतो, आणि ते खरं वाटतं.

पहिल्या भागातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वयाचं आहे. बाळू पन्नाशीचा आणि बाळासाहेब नऊ वर्षांचा. ‘बाळू, पाणी आण.’ ‘आणतो, बाळासाब. तुमी बसा.’ दोन ओळी, पण वाड्याची सगळी उतरंड त्यांत येते. लेखकानं याच्या खाली चार ओळींचं निवेदन लिहिलं होतं, की एवढासा मुलगा एवढ्या मोठ्या माणसाला कसं बोलतो. ते काढलं. पन्नाशीचा माणूस नऊ वर्षांच्या पोराला ‘तुमी’ म्हणतोय हे मराठी वाचकाच्या कानाला लगेच लागतं.

वाड्यात आईही मुलाला ‘तुम्ही’ म्हणते: ‘बाळासाहेब, तुम्ही जेवलात का?’ बाळूच्या घरात उलट. तिथं पोरगा बापालाही ‘तू’ म्हणतो: ‘बा, तू जेवलास?’ बाहेरच्या वाचकाला इथं वाड्यात माया कमी आणि झोपडीत अदब कमी असं वाटण्याचा धोका आहे. तसं होऊ नये म्हणून आक्कासाहेबांना एकच जागा दिली. मुलाला ताप आलाय, रात्री तिसऱ्या प्रहरी ती म्हणते, ‘ये रे माझ्या जवळ.’ साऱ्या कादंबरीत तिचं मुलाशी एकेरी बोलणं एवढंच. दुसरी जागा सापडली तर काढायची, नाहीतर या जागेची किंमत जाईल.

१४ जून

‘-या’चा दिवस. या कादंबरीचा कणा हाच आहे असं आता आम्हा दोघा संपादकांनाही वाटतंय.

नावाला ‘-या’ लावला की ते नाव कमी होतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण कमी कुणी केलं यावर अर्थ फिरतो. बरोबरीचा म्हणाला तर दोस्ती: संज्या, पक्या, सुऱ्या. वरचा म्हणाला तर तुच्छता, नाहीतर रागावणं. खालचा वरच्याला म्हणू शकतच नाही. म्हणाला तर त्या क्षणी तो स्वतःला बरोबरीचा मानतोय, किंवा भांडण काढतोय.

आता पान २८ ते ३१. दोन नऊ वर्षांची पोरं नदीत पोहतायत. श्रीपती ओरडतो, ‘ए बाळ्या, पलीकडनं ये!’ बाळासाहेब ओरडतो, ‘शिरप्या, थांब!’ दोघं ‘-या’वर, दोघं बरोबरीचे. संध्याकाळी वाड्याच्या मागच्या दारात श्रीपती त्याच सवयीनं हाक मारतो, ‘बाळ्या, ए बाळ्या.’ आतून आक्कासाहेब येतात. पहिल्या खर्ड्यात त्या म्हणतात: ‘आमच्या मुलाला अशी हाक मारायची नाही. तो वाड्याचा मुलगा आहे.’

सांगायचं ते सगळं सांगून टाकलंय, आणि म्हणूनच प्रसंग पडतो. तक्ता बघितल्यावर कळलं की हातात याहून चांगली गोष्ट पडून आहे. वाड्यात ‘बाळ्या’ ही हाक आधीच एकाची आहे. आबासाहेब रागावले की सालगड्याला ‘बाळू’ न म्हणता ‘बाळ्या’ म्हणतात. पान १२ वर, पान १९ वर. म्हणजे मागच्या दारातनं ‘बाळ्या’ ऐकू आल्यावर आक्कासाहेबांना आधी काय वाटेल? गड्याला कुणीतरी हाक मारतंय. आता प्रसंग असा:

‘बाळ्या, ए बाळ्या!’
‘तुझा बा गोठ्यात आहे. तिकडं जा.’
‘बा न्हाई. बाळ्या.’

आणि आक्कासाहेब गप्प. मग त्या आत वळून नोकराणीला सांगतात, ‘गंगू, बाळासाहेबांना सांग, शिरपा आलाय.’ त्यांनी मुलाला रागावलं नाही, शिरपालाही नाही. ‘बाळासाहेब’ हा शब्द तेवढा मोठ्यानं उच्चारला. दुसऱ्या दिवसापासून श्रीपती ‘बाळासाब’ म्हणू लागतो, आणि त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं.

हे चालायचं तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. एक, या प्रसंगाआधी आबासाहेबांच्या तोंडी ‘बाळ्या’ किमान दोनदा आलं पाहिजे, आणि दोन्ही वेळा रागात. दोन, या प्रसंगाआधी आक्कासाहेबांनी मुलाला घरात लाडानं ‘बाळ्या’ म्हटलेलं नसावं (पान १५ वर होतं, काढलं). तीन, या प्रसंगानंतर श्रीपतीच्या तोंडी ‘बाळ्या’ परत येता कामा नये. शोधात ते आणखी अकरा ठिकाणी निघालं. दहा बदलली. अकरावीचं पुढं बघू.

१५ जून

कालच्यात भर. वाड्याच्या मुलाचं शाळेतलं नाव प्रतापसिंह आहे. हजेरीच्या वेळी मास्तर ‘प्रतापसिंह’ म्हणतात आणि कुणीच ‘हजर’ म्हणत नाही, हा विनोद लेखकाचा आणि तो झकास आहे. ठेवायचा.

२१ जून

मुद्रितशोधकाकडनं पहिली पन्नास पानं परत आली. काम नेटकं आहे, पण दोन ठिकाणी बोली ‘सुधारली’ आहे आणि दोन्हींचा संबंध हाकेशीच आहे.

पहिलं. बाळूची बायको म्हणते, ‘मालक आलं.’ शोधकानं ‘मालक आला’ केलंय. त्याला ते नपुंसकलिंगी एकवचन वाटलं. खरं तर ते आदरार्थी अनेकवचन आहे. प्रमाण मराठीतलं ‘पाहुणे आले’ गावात ‘पाव्हणं आलं’ होतं, तसंच हे. शोधकाच्या एका कानामात्रेनं बायकोनं नवऱ्याला ‘तो’ केलं, आणि १९६८ सालच्या त्या घरात हे कुणीच केलं नसतं. असं काही दिसलं तर आसपासचं दुसरं क्रियापद बघायचं. पुढच्याच वाक्यात ती ‘रानात गेल्यात’ म्हणते, म्हणजे अनेकवचनच.

दुसरं. तीच बाई म्हणते, ‘मी येतो, जरा थांब.’ शोधकानं ‘येते’ केलं. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ सर्रास म्हणतात. हे जसंच्या तसं ठेवायचं. इतकंच नाही, याचा वापर करता येतो. २००६च्या भागात श्रीपतीची शहरात शिकलेली मुलगी ‘मी येते’ म्हणते आणि तिची आई ‘मी येतो’. एका ताटात जेवणाऱ्या दोघींमधलं अंतर एका कान्यात दिसतं. त्यावर भाष्य करायची गरज नाही.

शोधकाला एक पानाची यादी पाठवली: कुठल्या पात्राच्या तोंडचं व्याकरण हात न लावता ठेवायचं. ही यादी पहिल्या दिवशीच द्यायला हवी होती.

२८ जून

आज सगळा वेळ पान १७६ वर गेला. १९९४. श्रीपती दूध संस्थेचा चेअरमन झालाय. बाळासाहेबांच्या म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागलीय, आणि ते विचारायला संस्थेच्या ऑफिसात येतात. खोलीत सचिव, मापाडी आणि किटल्या घेऊन आलेली पाच-सहा माणसं आहेत. पहिला खर्डा:

‘श्रीपतराव, तुम्ही माझ्या दुधाला फॅट कमी का लावली?’
‘बाळासाहेब, तुम्ही आधी बसा.’

हे खोटं आहे. ज्याला जन्मभर ‘शिरप्या’ म्हटलं त्याला ऑफिसच्या दारात पाय ठेवताच ‘श्रीपतराव, तुम्ही’ कोण म्हणेल? आणि सगळ्यांसमोर ‘शिरप्या’ही म्हणता येत नाही, खुर्ची चेअरमनची आहे. अशा कोंडीत मराठी माणूस काय करतो? हाकच मारत नाही. ‘कधी येणं झालं?’, ‘जेवायचं झालं का?’, ‘कुठं जायचं ठरलंय?’ या सगळ्या वाक्यांत समोरचा माणूस आहे, पण ‘तू’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. कर्ता गाळायचा, क्रियापद भावे करायचं, किंवा समोरच्याबद्दल तिसऱ्याच माणसासारखं बोलायचं. आम्ही तक्त्यात याला ‘बिनहाक’ म्हणतोय. लग्नानंतर नव्या नात्यात, जुना वर्गमित्र कलेक्टर होऊन आला तर, आणि उसने पैसे मागताना ही पायरी हमखास ऐकू येते. सुधारलेला प्रसंग:

‘काय, आज लवकर येणं झालं ऑफिसात?’
‘बसा की.’
‘बसायला नाही आलो. आमच्या दुधाची फॅट बघितली का कुणी?’
‘बघितली की. पाच-आठ लागलीया.’
‘म्हशीच्या दुधाला?’
‘मशीननं लावलीया. ए, साहेबांना च्या सांग.’
‘चेअरमनांना वेळ असेल तर मशीन परत लावून बघता येईल.’
‘येईल की.’
‘तू लावलीस का ही फॅट?’

आठ ओळी बाळासाहेबांच्या तोंडून दुसरा पुरुष एकदाही येत नाही. ‘चेअरमनांना वेळ असेल तर’ हे टोमण्यातलं तिसरं माणूस. मग नवव्या ओळीत ‘तू’ सुटतं. खोली गप्प होते. ते ‘तू’ एकाच वेळी लहानपणचंही आहे आणि मालकाचंही, आणि त्यातलं कुठलं ते श्रीपतीनं ठरवायचं. तो म्हणतो, ‘हो, मीच लावली.’ त्यानंतर त्याच्या तोंडीही बाळासाहेबांसाठी हाक येत नाही. आतापर्यंत एकानं हाक टाळली होती, आता दोघंही टाळतात.

श्रीपतीचं ‘बसा की’ मात्र हललं नाही पाहिजे. लेखकाला वाटत होतं की चेअरमन झाल्यावर तो बाळासाहेबांना ‘तू’ म्हणेल, तेवढा हक्क त्यानं कमावलाय. पण असला माणूस ‘तुम्ही’ सोडत नाही. उलट मान देत राहतो, कारण आता तो मान त्याच्या मर्जीचा आहे. ‘साहेबांना च्या सांग’ हे वाक्य त्यासाठीच.

याच पानावर आणखी एक बी पेरलं. सचिव दूध उत्पादकांची यादी वाचतो: ‘आण्णासो, रावसो, भाऊसो...’ आणि श्रीपती लगेच म्हणतो, ‘आण्णासाहेबांचं बिल आधी काढा.’ का पेरलं ते १७ जुलैच्या नोंदीत येईल.

२ जुलै

बायका. इथं थोडक्यात, कारण लेखकाचा हात या बाबतीत पक्का आहे.

श्रीपतीच्या बायकोचं माहेरचं नाव पारू. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, सुशीला. घरात ती दोन्हींपैकी कुठलंच नाही. सासूची ‘सूनबाई’, दिराची ‘वैनी’, नवऱ्याची ‘अगं’ आणि शेजारणींची ‘कागलची’. ‘पारे’ अशी हाक तिला भाऊ येतो तेव्हाच ऐकू येते. ‘पारू’चं संबोधन ‘पारे’ होतं हे शहरातल्या दोन वाचकांना कळलं नव्हतं, त्यांना ती वेगळी बाई वाटली. पहिल्यांदा येते तिथं भावाच्या तोंडी आधी ‘पारू कुठं हाय?’ आणि मग ‘पारे!’ घातलं, आणि काम झालं.

ती नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशन कार्डाचा कारकून विचारतो तेव्हा पोराला पुढं करते, ‘सांग रं बाचं नाव.’ पान २१८ वर ती भांडणात पहिल्यांदा ‘शिरपती!’ म्हणते, आणि लेखकाचा सगळा भर त्या एका हाकेवर आहे. पण तक्त्यात पान ९६ आणि १३१ वरही तिच्या तोंडी ‘शिरपती’ सापडलं, दोन्ही सहज, दुसऱ्या बाईशी बोलताना. दोन्ही जागी ‘ह्यांनी’ केलं. आता २१८चं नाव खरंच पहिलं आहे.

ऊसतोडीच्या प्रकरणात मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतो: ‘बारा कोयते आलेत.’ लेखकानं निवेदनात त्यातल्या एका बाईला नाव दिलंय, पण संवादात तिला कुणीच नावानं हाक मारत नाही. हे जाणूनबुजून आहे का ते विचारलं. हो म्हणाले. मग एकही बदल नको.

१० जुलै

आज आम्हा दोघांचं एकमत झालं नाही, आणि ते नोंदवून ठेवतो.

प्रश्न निवेदकाचा. पात्रं एकमेकांना काय म्हणतात ते ठरलं, पण मराठीत निवेदकालाही ‘आला’ की ‘आले’ ते निवडावंच लागतं. त्याला त्यातून सुटका नाही. हस्तलिखितात निवेदक म्हणतो ‘आबासाहेब आले’ आणि ‘बाळू आला’. दोघं एकाच वयाचे. म्हणजे निवेदकही वाड्याचाच नोकर झाला. त्यातच पान १८७ वर, प्रकरणाच्या मध्यात, ‘श्रीपती म्हणाला’चं ‘श्रीपतराव म्हणाले’ होतं. लेखकाला मोठ्या माणसाला एकेरी लिहिणं जड गेलं असावं. पण वाचकाला असं वाटतं की निवेदक खुर्चीला नमस्कार करतोय.

एक मत होतं: सगळ्यांना एकेरी करा, आबासाहेबांनाही. दुसरं: मग १९६८चं गाव उरत नाही, ‘आबासाहेब म्हणाला’ हे त्या काळच्या कुणाच्याच कानात बसणार नाही. दोन्ही बरोबर आहेत, म्हणून भांडण मिटेना.

तोडगा दृष्टिकोनातून निघाला. पहिल्या भागातली चौदा प्रकरणं तपासली. आठ वाड्याच्या आतून दिसतात, सहा श्रीपतीच्या डोळ्यांतून. वाड्याच्या आठांत ‘बाळू आला’ तसंच ठेवायचं. श्रीपतीच्या सहांत नाव काढून ‘बा आला’ करायचं. क्रियापद दोन्हीकडं एकेरीच, ‘आला’. पण ‘बाळू आला’ मधलं एकेरी वरून खाली बघतं, आणि ‘बा आला’ मधलं एकेरी खांद्यावर हात टाकतं. एका गोठ्याचा प्रसंग दोन्ही बाजूंनी येतो, तिथं हे लागोपाठ दिसेल. आबासाहेब दोन्हीकडं ‘आले’, कारण त्यांना एकेरी बघणारं गावात कुणी नाही.

श्रीपती आणि बाळासाहेब मात्र निवेदकाला शेवटपर्यंत ‘तो’. दोघांना त्यानं नऊ वर्षांचे असताना नदीत बघितलंय. पान १८७ पासून पुढच्या साठ जागा बदलायला दीड दिवस गेला. विशेषणं आणि धातुसाधितंही बदलतात हे विसरू नये. ‘थकलेले श्रीपतराव बसले’ मधलं ‘थकलेले’ राहून गेलं होतं.

१७ जुलै

लग्नपत्रिका. २००६, श्रीपतीच्या मुलीचं लग्न. पत्रिकेतली ओळ अशी आहे: ‘कै. बाळासो तुकाराम यांची नात व श्री. श्रीपतराव यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. मनीषा’.

पहिल्या प्रूफात डीटीपीवाल्यानं ‘बाळासो’चं ‘बाळासाहेब’ करून पाठवलं. त्याला ते अपुरं वाटलं. इथं कागदावर ‘साहेब’ लिहायला जागा आणि वेळ वाचवून ‘सो’ लिहायची चाल पडली, आणि कोल्हापूर-सांगलीकडं ती नावातच मुरली. आण्णासो, बाबासो, भाऊसो ही नावं मतदार यादीत आणि रेशन कार्डावर तशीच असतात. उच्चारताना कुणी ‘साहेब’ म्हणतं, कुणी ‘सो’च.

मुद्दा असा की बाळूचं नाव आयुष्यभर कुठल्याच कागदावर नव्हतं. १९५७ साली १ एप्रिलला कसणाऱ्या कुळांना जमिनी मिळाल्या, पण बाळू कूळ नव्हता, सालगडी होता. त्यामुळं सातबाऱ्यावरही नाही. मेल्यावर नऊ वर्षांनी मुलानं त्याचं नाव पहिल्यांदा छापलं, आणि छापताना ‘सो’ लावला. बाळू, रागाच्या दिवशी बाळ्या, तो आता वाड्याच्या वारसाच्या नावानं छापला गेला. पूर्ण ‘बाळासाहेब’ केलं तर ही गोष्ट ठळक होते, पण भडकही होते, आणि श्रीपतीच्या गावचा छापखानाही तसं करणार नाही. ‘सो’च हवा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो कळावा म्हणून पान १७६ वर दूध उत्पादकांची यादी पेरली होती. ‘आण्णासो’ वाचलं जातं आणि ‘आण्णासाहेब’ म्हटलं जातं, हे त्यानं तिथं ऐकलेलं असतं. तळटीप लागत नाही.

पत्रिका वाड्यावर येते. म्हातारे आबासाहेब चष्मा लावून वाचतात आणि विचारतात, ‘हे बाळासो कोण?’ हस्तलिखितात यानंतर दीड पान आहे. आबासाहेबांच्या मनातलं वादळ, सालगड्याची आठवण, काळ कसा बदलला. हे दीड पान काढलं. लेखकाचा विरोध होता, दोन दिवस. शेवटी एकच ओळ ठेवायचं ठरलं. बाळासाहेब पत्रिका हातातून घेतो आणि म्हणतो, ‘बाळूमामा.’ वाड्यातल्या कुणीही बाळूला ‘मामा’ म्हटल्याची ही पहिली वेळ. आदमापूरच्या संतांचंही हेच नाव आहे, त्यामुळं या भागातल्या वाचकाला क्षणभर वेगळंच काही वाटेल ही भीती होती. दोन स्थानिक वाचकांना वाचून दाखवलं, कुणाचाच गोंधळ झाला नाही. ठेवलं.

२४ जुलै

शेवटची चाचणी. पंचवीस संवाद निवडले, त्यांतली सगळी नावं आणि ‘म्हणाला-म्हणाले’ खोडले, आणि कादंबरी न वाचलेल्या तिघांना दिले. कोण वर, कोण खाली आणि कोण बरोबरीचं, एवढंच सांगायचं. एकोणीस संवाद तिघांनाही बरोबर आले. चुकलेले सहा बघितले. चारांत चूक आमची: वाड्याच्या दिवाणजीच्या तोंडी ‘बसावं’ आणि ‘बसा’ मिसळले होते. दोनांत गोंधळ बरोबर होता. ते पान १७६चे तुकडे होते, आणि तिथं कोण वर ते पात्रांनाही ठाऊक नाही.

राहिलेली जागा एक: १४ जूनचा अकरावा ‘बाळ्या’. पान ३०९. मांडवात जेवणाच्या पंगतीत श्रीपती गर्दीतून बाळासाहेबाला हाक मारतो. लेखकाला तिथं ‘बाळ्या’ हवं, आमच्यातल्या एकाला ‘बाळासाहेब’, दुसऱ्याला बिनहाक: ‘इकडं जागा आहे.’ बिनहाक बरोबर बसते, पण ती १७६ वरून आलीय आणि तिथलं भांडण सोबत आणते. ‘बाळ्या’ ठेवलं तर मांडवात त्या क्षणी वाड्याकडचं कोण उभं आहे हे आधी ठरवावं लागेल. चौथा रकाना तिथं कोरा आहे. लेखकाला पान परत पाठवलं.